उत्तर बरोबर, रीत निराळी: गुण किती द्यायचे?

आठवीच्या घटक चाचणीत एकचल समीकरणांवर मी हे गणित दिले होते. ‘एका व्यापाऱ्याकडे मिरचीची काही पोती होती. पहिल्या दिवशी त्याने त्यांतील एक तृतीयांश पोती विकली. दुसऱ्या दिवशी मूळ पोत्यांच्या एक चतुर्थांश पोती विकली. आता ३५ पोती उरली. तर सुरुवातीला एकूण पोती किती होती?’ गुण तीन. दोंडाईच्याच्या मुलांना पोती आणि मिरची नवी नाही, म्हणून गणितही त्यांच्याच बाजारातले घेतले.

बहुतेक मुलांनी पुस्तकाप्रमाणे केले. एकूण पोती x मानली. x - x/३ - x/४ = ३५ असे समीकरण मांडले. डावी बाजू सोपी करून ५x/१२ = ३५ मिळवले आणि x = ८४ काढले. समीकरण मांडण्याचा एक गुण, सोडवण्याचा एक, उत्तराचा एक. तिथे काही प्रश्न नव्हता.

एका मुलीच्या पेपरात मात्र x कुठेच नव्हता. तिने एवढेच लिहिले होते: ‘१२ पोती धरली. ४ गेली, ३ गेली. ५ उरली. पाहिजेत ३५. म्हणजे ७ पट. १२ गुणिले ७, ८४ पोती.’ उत्तर बरोबर. पण समीकरण नाही, ‘मानू’ नाही, ‘समजा’ नाही. अशा पेपरासमोर शिक्षकाचा लाल पेन थांबतो. काही जण एक गुण देऊन पुढे जातात, कारण उत्तर जुळले आहे. काही जण चौकटीत बसत नाही म्हणून शून्य देतात. काही जण तीन देतात, पण का दिले ते त्यांनाही सांगता येत नाही. या महिन्याचा लेख या थांबलेल्या पेनाबद्दल आहे. आई-वडिलांनीही तो वाचावा, कारण असा पेपर कधीतरी प्रत्येक घरात येतो आणि ‘माझं उत्तर तर बरोबर होतं’ हे वाक्य त्याच्याबरोबर येते.

आधी रीत खरी आहे का ते पाहू

मुलीने १२ च का धरले? कारण ३ आणि ४ या दोघांनी १२ ला निःशेष भाग जातो. १० धरले असते तर तृतीयांश काढताना अपूर्णांकाचा त्रास झाला असता. म्हणजे हा आकडा हवेतून आलेला नाही. लसावि तिला समजला आहे आणि कुठे वापरायचा तेही समजले आहे. पुस्तकी रीतीत हाच १२ छेदात येतो. तिने तो आधीच हातात घेतला.

पुढची पायरी जास्त महत्त्वाची आहे. १२ पोत्यांतून ५ उरली, तर ३५ उरण्यासाठी सातपट पोती हवीत, असे तिने धरले. हे नेहमी खरे असते का? या गणितात असते. पहिल्या दिवशी विकलेली पोती एकूण पोत्यांचा ठरावीक हिस्सा आहेत, दुसऱ्या दिवशीचीही ठरावीक हिस्सा आहेत. म्हणून उरलेली पोतीही ठरावीक हिस्साच राहणार. एकूण दुप्पट केली की उरलेली दुप्पट, सातपट केली की सातपट. या गणितात पोत्यांच्या जागी रुपये घातले, ३५ च्या जागी ५० घातले, तरी रीत चालेल. ती योगायोगाने जुळलेली नाही.

ही रीत नवीनही नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत तिला ‘इष्टकर्म’ म्हटले आहे. इष्ट म्हणजे आपल्या सोयीने धरलेली संख्या. तिथले एक उदाहरण कमळांच्या राशीचे आहे. राशीचा तिसरा, पाचवा, सहावा आणि चौथा हिस्सा वेगवेगळ्या देवतांना वाहिला आणि शेवटी गुरूसाठी ६ कमळे उरली, तर एकूण कमळे किती? ६० धरा. २०, १२, १० आणि १५ मिळून ५७ गेली, ३ उरली. हवीत ६, म्हणजे दुप्पट. उत्तर १२०. आमच्या वर्गातल्या मुलीने जे केले ते अक्षरशः हेच आहे, फक्त कमळांच्या जागी मिरचीची पोती.

खानदेशाला तर या ग्रंथाचे नाते जवळचे आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला आणि त्यासाठी १२०७ मध्ये दान मिळाले, अशी नोंद त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांसमोर आणला. पुढे अकबर बादशहाच्या सांगण्यावरून फैजी यांनी १५८७ मध्ये लीलावतीचा फारसीत तर्जुमा केला. म्हणजे आपल्याच मुलुखात आठशे वर्षांपूर्वी शिकवलेली आणि फारसी मदरशांपर्यंत गेलेली रीत आज पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून तिच्यावर फुली मारायची का? मी त्या पेपराला तीनपैकी तीन गुण दिले.

गुण पायरीच्या कामाला असतात, रूपाला नव्हे

आता हे तीन गुण कशाचे, ते नीट सांगायला हवे. नाहीतर ते मेहरबानीचे गुण ठरतील, आणि मेहरबानीचे गुण इतर मुलांवर अन्याय करतात.

पुस्तकी रीतीत पहिला गुण समीकरणाचा असतो. पण समीकरण मांडणे म्हणजे नेमके काय? गणितातली शाब्दिक अट आकड्यांच्या भाषेत आणणे. मुलीने ‘१२ मधून ४ गेली, ३ गेली, ५ उरली’ असे लिहून तीच अट आकड्यांत आणली. तिने दुसऱ्या दिवशीचा चतुर्थांश उरलेल्या ८ पोत्यांचा न काढता मूळ १२ पोत्यांचा काढला, हेही पाहा. बरीच मुले इथेच घसरतात. तो पहिला गुण तिने कमावला. दुसरा गुण समीकरण सोडवण्याचा, म्हणजे माहीत असलेल्या उरलेल्या पोत्यांवरून माहीत नसलेल्या एकूण पोत्यांकडे परत जाण्याचा. ‘७ पट’ ही ओळ ते काम करते. तिसरा गुण उत्तराचा, एककासह. ‘८४ पोती’ असे तिने लिहिले आहे.

गुणदान योजना समोर असताना मी प्रत्येक पायरीपुढे स्वतःला विचारते, ही पायरी कोणते काम करते? मग निराळ्या रीतीत ते काम कुठे झाले ते शोधते. काम झाले असेल तर गुण. काम झाले नसेल, तर उत्तर जुळूनही तो गुण नाही.

तीच रीत, दुसऱ्या गणितात चूक

निराळी रीत नेहमीच खरी असते असे मात्र नाही. गणितात थोडा बदल करू. व्यापाऱ्याने पहिल्या दिवशी एक तृतीयांश पोती विकली आणि दुसऱ्या दिवशी फक्त १० पोती विकली. ५० उरली. एकूण किती?

कोणी पहिल्याच रीतीने ३० धरील. तृतीयांश १० गेली, २० राहिली, आणखी १० गेली, १० उरली. हवीत ५०, म्हणजे पाचपट. ३० गुणिले ५, १५० पोती. आता ताळा करून पाहा. १५० मधून ५० गेली, १०० राहिली, १० गेली, ९० उरली. पाहिजे होती ५०. उत्तर चुकले.

का चुकले? कारण दुसऱ्या दिवशीची १० पोती एकूण पोत्यांचा हिस्सा नाहीत, ती ठाम १० आहेत. एकूण पाचपट केली तरी ती १० च राहतात, ५० होत नाहीत. म्हणून उरलेली पोती पाचपट होत नाहीत. रीतीच्या पोटात एक अट लपलेली होती, ‘सगळे हिस्सेच असले पाहिजेत’ ही. पहिल्या गणितात ती अट पाळली गेली होती, इथे मोडली. अशा पेपरात तृतीयांश काढून दोन्ही वजाबाक्या बरोबर केल्याचा एक गुण मी देते, कारण अट आकड्यांत आणली आहे. पण पटीच्या पायरीचा आणि उत्तराचा गुण नाही.

इथे धरून चालायचेच असेल तर दोनदा धरावे लागते. ३० धरली तर १० उरतात. ६० धरली तर २० जाऊन ४० राहतात आणि १० जाऊन ३० उरतात. म्हणजे एकूण ३० ने वाढवली की उरलेली २० ने वाढतात. आता ३० वरून ५० वर जायला आणखी २० हवीत, तेव्हा एकूणात आणखी ३० घाला. ६० आणि ३०, ९०. ताळा: ९० मधून ३० गेली, ६० राहिली, १० गेली, ५० उरली. बरोबर. अरबी गणितज्ञ याला हिसाबुल खताऐन, म्हणजे दोन चुकांचा हिशोब म्हणत. बालबेकच्या कुस्ता इब्न लूका यांनी नवव्या शतकात ही रीत का चालते याची सिद्धता लिहिली. इटलीच्या फिबोनाचीने १२०२ च्या आपल्या ग्रंथात ती अरबी नावानेच युरोपला सांगितली. ठाम आकडा असलेल्या या गणितात एखाद्या मुलाने दोन धरलेले आकडे, दोन निकाल आणि त्यांतली वाढ अशी मांडली, तर त्यालाही पूर्ण गुण मिळाले पाहिजेत.

यावरून तपासणाऱ्याच्या हाती एक सोपी कसोटी येते. रीत अनोळखी दिसली की त्याच जातीच्या दुसऱ्या गणितावर ती चालवून पाहायची. आकडे बदलायचे आणि ती पुन्हा खरे उत्तर देते का ते बघायचे. १६/६४ या अपूर्णांकात वरचे-खालचे ६ खोडून १/४ असे लिहिले तर उत्तर बरोबर येते. पण त्याच रीतीने १३/३२ मधले ३ खोडले तर १/२ येईल, आणि १३ ही ३२ ची निम्मी नाही. ही रीत नव्हे, हा योगायोग आहे. तिथे बरोबर उत्तरालाही गुण देऊ नयेत. ही कसोटी लावायला दोन मिनिटे पुरतात.

अंदाज करून ताळा जुळवला तर?

तिसरा प्रकार सर्वांत जास्त वाद घालतो. दुसऱ्या गणितात एक मुलगा लिहितो, ‘६० घेतले, ३० उरले, कमी पडले. ७५ घेतले, ४० उरले. ९० घेतले, ५० उरले. उत्तर ९०.’ पूर्ण गुण?

माझ्या मते या गणितात हो. त्याने तीन आकडे तपासले आणि प्रत्येक वेळी अट नीट लावली. एकूण वाढली की उरलेली वाढते, हे त्याच्या आकड्यांतून दिसते. म्हणून ९० सोडून दुसरे उत्तर असूच शकत नाही. पण नुसते ‘९०’ आणि खाली ताळा एवढेच असेल, तर ९० कुठून आले ते कळत नाही. ते शेजारच्या बाकावरूनही आलेले असू शकते. तिथे अट लावण्याचा एक आणि उत्तराचा एक असे दोन गुण मी देते, तिसरा नाही.

याच रीतीची मर्यादा दहावीत उघडी पडते. ‘एका संख्येचा वर्ग आणि ती संख्या यांची बेरीज ३० आहे, संख्या काढा.’ अंदाजाने ५ सापडते, कारण २५ आणि ५ मिळून ३०. मूल थांबते. पण -६ चा वर्ग ३६, त्यात -६ मिळवले की तेही ३०. दुसरे उत्तर अंदाजाच्या हाती लागलेच नाही. पट धरून चालणाऱ्याचे तर याहून वाईट होते. २ धरले तर ४ आणि २ मिळून ६, हवेत ३०, पाचपट, म्हणजे १०. पण १०० आणि १० मिळून ११० होतात. म्हणून पूर्ण गुण देताना मी पेपरावर शेरा लिहिते, ‘रीत या गणितात बरोबर. वर्ग आला की चालणार नाही, समीकरणही शिकून घे.’ गुण कापून ही गोष्ट शिकवता येत नाही, सांगूनच शिकवावी लागते.

प्रश्नानेच रीत सांगितली असेल तर

एक बाब मात्र पालकांनी समजून घ्यावी. दहावीच्या गणित भाग १ मध्ये ‘क्रेमरच्या पद्धतीने सोडवा’, ‘सूत्राचा वापर करून सोडवा’, ‘आलेखाने सोडवा’ असे प्रश्न असतात. तिथे ती पद्धत येते का हेच तपासायचे असते. क्रेमरच्या पद्धतीच्या प्रश्नात कोणी निरसन पद्धतीने अचूक उत्तर काढले, तरी निश्चयकांच्या किमती काढलेल्या नसतात. त्या पायऱ्यांचे गुण गेले तर तो अन्याय नाही. आमची पोत्यांचीच बेरीज-वजाबाकी घ्या. प्रश्नात ‘समीकरण मांडून सोडवा’ असे असते, तर १२ धरणाऱ्या मुलीला मी पूर्ण गुण दिले नसते. पण प्रश्नात फक्त ‘किती होती?’ एवढेच होते. जी अट प्रश्नात लिहिलेली नाही, ती मनात धरून गुण कापणे चुकीचे. समीकरणच हवे असेल तर ते प्रश्नात लिहिण्याची जबाबदारी प्रश्न काढणाऱ्या शिक्षकाची आहे.

तपासतानाची शिस्तही सांगते. चाळीस पेपरांच्या गठ्ठ्यात विसाव्या पेपरात निराळी रीत सापडली, तर तो पेपर बाजूला ठेवावा. बाकीचे संपवावेत. मग दुसऱ्या एका गणिताच्या शिक्षकाला दाखवून गुण ठरवावेत आणि आधीच्या एकोणीस पेपरांत कोणी तीच वाट धरली होती का, हे परत उलटून पाहावे. एकाला तीन आणि त्याच रीतीला दुसऱ्याकडे एक, असे होता कामा नये. शाळेच्या चाचणीत शंका असेल तर मुलाला बोलावून आकडे बदललेले एक गणित समोर सोडवायला द्यावे. ज्याने स्वतः विचार केला आहे, तो लगेच नवा आकडा धरतो. ज्याने उतरवले आहे, तो पुन्हा १२ च धरतो.

घरात काय करावे

बोर्डाच्या परीक्षेत तपासणाऱ्याला मुलाला बोलावता येत नाही. त्याच्यासमोर फक्त कागद असतो. म्हणून निराळ्या वाटेने जाणाऱ्या मुलाला एक सवय लावा. जिथे उडी मारली, तिथे एक ओळ कारणाची लिहायची. आमच्या मुलीने ‘७ पट’ च्या आधी ‘उरलेली पोती एकूण पोत्यांचा ठरावीक हिस्सा आहेत, म्हणून’ एवढे लिहिले असते, तर कोणाचाही पेन थांबला नसता. शेवटी ताळाही लिहायचा: २८ गेली, २१ गेली, ३५ उरली. आणि प्रश्नात रीत सांगितली असेल तर तिच्या शब्दांखाली रेघ मारून तीच वापरायची, मनातली वाट कितीही जवळची असली तरी.

चाचणीचा पेपर घरी आला आणि बरोबर उत्तराला गुण कमी दिसले, तर लगेच शाळेत जाऊ नका. आधी मुलाला म्हणा, ‘बेटा, मला समजावून सांग.’ मग आकडे बदलून तेच गणित द्या. त्याचे त्याला समजावता आले आणि नव्या आकड्यांवरही रीत चालली, तर दोन्ही कागद घेऊन शिक्षकांना भेटा. ‘गुण वाढवा’ असे न म्हणता ‘ही रीत कुठे चुकते ते दाखवाल का?’ असे विचारा. या प्रश्नाचे उत्तर गणितातूनच द्यावे लागते. दहावी-बारावीसाठी मंडळाचा रस्ता वेगळा आहे. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि तपासायचे राहिलेले उत्तर पाहिले जाते, रीतीचा निवाडा होत नाही. रीतीबद्दल तक्रार असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते, ती गणिताच्या शिक्षकांना दाखवून मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो. निकालानंतर अर्जाची मुदत थोडीच असते, तेव्हा तारखा शाळेतून त्याच दिवशी विचारून घ्याव्यात.